व्हिडिओवर स्वतःचा लोगो: कुठे, केवढा, किती फिका?

नीरजा_स्वयंपाकघर
मी रेसिपीचे आडवे व्हिडिओ करते, १९२०×१०८०. उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ कुणीतरी उचलला, उभा कापला आणि स्वतःच्या पेजवर चढवला. माझा लोगो उजव्या वरच्या कोपऱ्यात होता, तो कापण्यातच गेला. तुम्ही लोगो कुठे ठेवता, केवढा, किती पारदर्शक? आपापले अनुभव लिहा.

भटक्या_जुन्नरकर
एवढा त्रास कशाला? यूट्यूब स्टुडिओत ब्रँडिंगमध्ये वॉटरमार्क टाकायची सोय आहे. १५० बाय १५० ची पीएनजी चढवली की सगळ्या व्हिडिओंवर आपोआप दिसते. मी तेच करतो.

व्हिडिओकाका
भटक्या, ते सबस्क्राइबच्या बटणासाठी. तो लोगो प्लेयर वरून दाखवतो, तुझ्या फाइलमध्ये नसतो. व्हिडिओ कुणी उतरवून घेतला तर त्यात लोगोचा मागमूसही नसतो. नीरजाताईंना हवाय तो चित्रातच मुरलेला लोगो, म्हणजे एडिटिंगमध्येच टाकायला हवा.

मी लग्नाचं शूटिंग करतो. १९२० च्या फ्रेमवर लोगोची रुंदी साधारण १६०, कडेपासून ६० पिक्सेल आत. यापेक्षा मोठा ठेवला तर नवरीकडचे विचारतात, "हे तुमच्या स्टुडिओचं लग्न आहे का?" पण १६० मध्ये पूर्ण नाव कोंबू नका. नेट मंद असलं की लोक ३६० वर बघतात, तिथे तुमचे १६० पिक्सेल जेमतेम ५३ उरतात आणि बारीक अक्षरांचा चिखल होतो. नुसतं चिन्ह किंवा एक जाड अक्षर टिकतं.

पोटोबा
माझ्या मोबाइल ॲपचा लोगो खाली येतो, तो कसा काढायचा? फुकटवालं व्हर्जन आहे.

व्हिडिओकाका
पोटोबा, तो वेगळा विषय. पैसे भरा नाहीतर दुसरं ॲप घ्या.

अस्मिता_पुणे
नीरजा, तुझ्या मोदकांवरून सांगते. पांढरा लोगो ५० टक्क्यांवर ठेवला की काळ्या कढईवर डोळ्यात खुपतो आणि पांढऱ्या उकडीवर दिसतच नाही. टक्का वाढवून हे सुटत नाही, कढईवर आणखी खुपतो एवढंच. मी लोगोच्या पीएनजीतच अक्षरांना बारीक गडद कड दिली आणि मग सगळं मिळून ५० ते ६० टक्क्यांवर ठेवलं. आता दोन्हीकडे दिसतो. जेपीजी मात्र वापरू नका, मागे पांढरा चौकोन येतो.

आणि मोबाइल ॲपमध्ये लोगोची पट्टी टाइमलाइनच्या शेवटपर्यंत ओढा. पट्टी सुरुवातीला काही सेकंदांचीच असते. नंतर मध्ये एखादी क्लिप घातली की व्हिडिओ लांबतो, लोगो मात्र आधीच संपतो. एक्सपोर्टआधी शेवटची दहा सेकंदं बघायचीच.

टर्मिनलवाला
ज्यांना दर वेळी हाताने ओढायचं नाही त्यांच्यासाठी:

```
ffmpeg -i video.mp4 -i logo.png -filter_complex "[1:v]scale=160:-1,format=rgba,colorchannelmixer=aa=0.5[lg];[0:v][lg]overlay=W-w-60:60" -c:a copy out.mp4
```

aa=0.5 म्हणजे ५० टक्के. W-w-60 हे उजवीकडचं अंतर, शेवटचा 60 वरचं. डावीकडे हवा असेल तर W-w-60 च्या जागी फक्त 60. मूळ फाइल जपून ठेवा, एकदा मुरलेला लोगो परत निघत नाही.

नीरजा_स्वयंपाकघर
कड देऊन बघते. पण कापाकापीचं काय?

व्हिडिओकाका
त्याचा हिशोब असा. १०८० उंचीतून ९:१६ चा उभा तुकडा काढला तर रुंदी राहते ६०७. म्हणजे १९२० पैकी मधली साधारण ६५६ ते १२६४ एवढीच पट्टी वाचते, चारही कोपरे जातात. तुमचं ताट मधोमध असतं, म्हणजे चोरही तिथेच कापणार. कोपऱ्यातला लोगो असू द्या आणि या मधल्या पट्टीत वरच्या बाजूला चॅनेलचं नाव २० टक्क्यांवर ठेवा. ताटावर नको.

भटक्या_जुन्नरकर
मग सरळ मधोमधच मोठा टाका ना, कुणी चोरणारच नाही!

अस्मिता_पुणे
चोरणारा धूसर पट्टा मारून चोरतोच. आणि मोदकाची कळी बघायला आलेल्या माणसाला आधी तुझं नाव दिसणार. मला तर काकांचा दुसरा लोगोसुद्धा जास्त वाटतो. त्यापेक्षा कळ्या पाडतानाच्या क्लोजअपवर काही सेकंद नाव आणावं, चोराला नेमका तोच शॉट हवा असतो.

व्हिडिओकाका
तेवढी सेकंदं कापली की झालं त्याचं काम. मी पूर्ण वेळच्या बाजूने.

सावंतवाडीकर
मी उभेच व्हिडिओ करतो. उजवीकडे लाइक-शेअरची बटणं, खाली नाव आणि कॅप्शन, म्हणून लोगो डावीकडे वर, पण अगदी टोकाला नाही. इन्स्टाच्या ग्रिडवर १०८०×१९२० चं कव्हर ३:४ मध्ये दिसतं, वरून आणि खालून प्रत्येकी २४० पिक्सेल जातात. मी वरून ३०० सोडतो. माणूस बोलत असेल तर लोगो कपाळाच्या शेजारी येतो, त्यावर अजून उपाय मिळालेला नाही. कुणी उभ्यातच बोलत्या चेहऱ्याचे व्हिडिओ करत असेल तर सांगा, लोगो कुठे ठेवता?