जामीन झाला, तरी कळंब्यात? एमपीडीएवरून वाद

सागर: मामेभावाला मारामारीच्या केसमध्ये जामीन झाला. आठवडा झाला नाही तोवर एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली उचलून कळंबा जेलात टाकलं. नवा गुन्हा काय नाही. आता परत जामीन कुठं मागायचा?

लक्ष्मीपुरी व्यापारी: बरं झालं म्हणतो मी. गाळ्यावर हप्ता मागायला येतात, तक्रार दिली तर साक्षीदार कोर्टात उलटतात. अशांना आत ठेवायचं तर दुसरा मार्ग कुठला?

भैय्या: 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं नाही ना? मग सरळ बेकायदा. विषय संपला.

गणपतराव: मला मिरवणुकीच्या आदल्या रात्री चौकीत बसवलं होतं, सकाळी सोडलं. तुमच्याही पोराला सोडतील.

वकीलताई: गणपतराव, ती एका रात्रीची प्रतिबंधक अटक. हे बारा महिन्यांपर्यंत जाऊ शकतं. आणि भैय्या, 24 तासांचा नियम गुन्ह्यातल्या अटकेचा, घटनेच्या कलम 22 नेच स्थानबद्धतेला त्यातून वगळलंय. इथं खटलाच नाही, म्हणून जामीनही नाही. हा पुढं काय करेल, या अंदाजावर जिल्हाधिकारी आदेश काढतात.

सागर, तारखा मोजा. आत घेतल्यापासून पाच दिवसांत कारणं हातात द्यावी लागतात, त्याला वाचता येईल अशा भाषेत. आदेश निघाल्यापासून बारा दिवसांत शासनाची मंजुरी हवी. आत घेतल्यापासून तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जातं, सात आठवड्यांत त्यांचा अहवाल. तिथं वकील उभा करण्याचा हक्क नाही, म्हणून लेखी निवेदन आजच जेलमार्फत पाठवा. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक शासनाला. जामिनाचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांपुढं ठेवला होता का?

सागर: कागदांच्या गठ्ठ्यात तो दिसत नाही. दोन गोपनीय जबाब आहेत, नावं खोडलेली.

वकीलताई: नाव लपवणं चालतं. पण जामिनाचा आदेश न बघताच स्थानबद्ध केलं असेल, तर तो मोठा मुद्दा. कोर्टानं कोणत्या अटींवर सोडलं आणि त्या अटी का पुरल्या नाहीत, याचा विचारच झाला नाही असं हायकोर्टात मांडता येतं. भांडण दोघातिघांचं खासगी होतं का, तेही बघा. त्यानं गल्लीतलं जगणं विस्कटलं नसेल, तर सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका म्हणता येत नाही. बेकायदा डांबल्याविरुद्धच्या हेबियस कॉर्पस अर्जाला आता मुंबईही गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे.

लक्ष्मीपुरी व्यापारी: म्हणजे एक कागद राहिला म्हणून गुंड बाहेर! दुकान उघडायचं मला असतं, ताई.

वकीलताई: मग त्याच मारामारीत जामीन रद्द करायला अर्ज का केला नाही? अट मोडली असेल तर तो रस्ता आधी होता.

लक्ष्मीपुरी व्यापारी: त्या अर्जालाही साक्षीदार लागतोच की. तो कोण होणार, तुम्ही?

सागर: काका, तुमच्या गाळ्यावर तो कधी आला नाही. ताई, निवेदन मराठीत चालेल ना?

वकीलताई: चालेल. पोच घ्यायला विसरू नका, उशीर त्यांनी लावला तर तीच तारीख कामाला येते.