मदत हवी आहे: एक मीटर म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो ठीक आहे

होटगीरोडकर: पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची सीलबंद बॅटरी, साडेतीन वर्षं जुनी. गाडी आठवडाभर दारात उभी असते आणि शनिवारी सेल्फ जड फिरतो. गॅरेजच्या डिजिटल मीटरवर हेल्थ ४९ टक्के आणि खाली REPLACE आलं. सात रस्त्याजवळच्या बॅटरीवाल्याने लोड टेस्टर लावला, काटा हिरव्यात. म्हणाला, "वर्षभर चालंल की." कोणाचं ऐकू?

भाऊ_गॅरेज: लोड टेस्टरचं ऐका. डिजिटल मीटर बॅटऱ्या खपवायलाच असतात.

पंप_इनव्हर्टर: माझी पण अशीच बसली होती, डिस्टिल्ड वॉटर टाकलं आणि चालू. तुम्ही टाकलं का?

होटगीरोडकर: सीलबंद आहे हो, पाणी टाकायला झाकणच नाही.

जुना_ऑटो_इलेक्ट्रिशियन: भाऊ, मीटर खोटं बोलत नाही, त्याला सांगितलेला आकडा चुकीचा असू शकतो. होटगीरोडकर, मीटरवर मोजलेला सीसीए किती होता आणि सेटिंग काय होतं?

होटगीरोडकर: फोटो आहे. मोजलेला २४३, सेटिंग ५००, व्होल्टेज १२.२५. बॅटरीच्या लेबलवर ३०० सीसीए आहे.

जुना_ऑटो_इलेक्ट्रिशियन: मग ४९ टक्के येणारच. ३०० लावलं असतं तर तोच आकडा ८१ टक्के झाला असता. शिवाय १२.२५ म्हणजे चार्ज अर्धाच, अशा वेळी दोन्ही मीटर फसतात. लोड टेस्टला सीसीएच्या निम्मा, म्हणजे १५० अँपिअर भार १५ सेकंद द्यायचा आणि व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. दुकानातला छोटा टेस्टर बहुधा १०० अँपिअरचा, त्याचा हिरवा रंग जरा उदारच. पूर्ण चार्ज करा, दोन-तीन तास थांबा, मग सकाळी तपासा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी तापलेली बॅटरी आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही मीटर सेल्फ मारायची ताकद सांगतात, साठा किती उरलाय ते सांगत नाहीत. तुमची तक्रार साठ्याची वाटते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब थेट बॅटरीला लावा, तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. नवी ३५ एएच २० तास खेचते. १०.५ व्होल्टला बल्ब काढा आणि लगेच चार्जिंगला लावा. सारखं करू नका, सेल्फच्या बॅटरीला पूर्ण उतरणं मानवत नाही.

होटगीरोडकर: केलं. चार्जनंतर ३०० सेटिंगवर सीसीए २६२, हेल्थ ८७ टक्के. आणि बल्ब ११ तासांत १०.५ ला! म्हणजे साठा १९ एएचच्या आसपासच?

भाऊ_गॅरेज: मीटर ८७ म्हणतंय आणि साठा निम्मा? आता कोणावर भरवसा ठेवायचा?

जुना_ऑटो_इलेक्ट्रिशियन: दोघांवर, ज्याचं त्याचं काम वेगळं. होटगीरोडकर, गाडी बंद आणि लॉक करून अर्ध्या तासाने किती करंट जातो तेही मोजा.

होटगीरोडकर: ३० मिलिअँपिअर. आठवड्याला ५ एएच होतात. तेवढ्याने सेल्फ जड व्हावा का, की शनिवार-रविवारच्या छोट्या फेऱ्यांत बॅटरी भरतच नाही?

जुना_ऑटो_इलेक्ट्रिशियन: दुसरंच जास्त वाटतं, पण ते इथून सांगता येणार नाही. शुक्रवारी रात्री, गाडी सुरू करण्याआधी व्होल्टेज लिहून टाका.