अनुभव धागा: रजा संपली, कामावर रुजू झालात, बाळाचं अंगावरचं दूध कसं टिकवलंत?

हिंगणा रोडची आई

मागच्या एप्रिलमध्ये मी रुजू झाले तेव्हा मुलगा साडेपाच महिन्यांचा होता. साडेनऊला घर सोडायचं, साडेसहाला परत, म्हणजे नऊ तास. रजेच्या शेवटच्या महिन्यात मी घाबरून फ्रीजर भरायच्या मागे लागले होते. आमच्या ओळखीच्या सिस्टरनी गणित सोपं करून दिलं. या वयाचं बाळ आईपासून लांब असताना तासाला साधारण ३० मिली पितं. नऊ तासांचे २७०, म्हणजे ९० चे तीन वेळ. पहिल्या दिवसाचे तेवढे, वर एक-दोन जास्तीचे, बस. पुढे आज ऑफिसात काढलेलं दूध उद्या घरी पाजायचं.

चार आठवडे आधी सुरुवात केली. सकाळी पाजून झाल्यावर अर्ध्या तासाने एकदा पंप. पहिले चार दिवस जेमतेम २०-३० मिली निघालं, मग वाढलं. तीन आठवडे उरले तेव्हा दुपारचं एक पाजणं सासूबाईंकडे दिलं आणि नेमक्या त्याच वेळी मी पंप केला. दोन आठवडे उरल्यावर दोन पाजणी. शेवटच्या आठवड्यात दोनदा साडेनऊ ते दोन मी खरोखर घराबाहेर राहिले, कारण मी शेजारच्या खोलीत असले की तो वाटीकडे बघायचाही नाही. रुजू गुरुवारी झाले, म्हणजे तीन दिवसांनी रविवार. अर्जित रजेतून अर्धे दिवस टाकून पहिले दोन आठवडे दोनलाच निघत होते.

पूर्ण वेळ सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात २७० चं १८० वर आलं. मी शतावरी, मेथी, डिंक सगळं सुरू केलं. मग डायरी उघडली तर चार वाजताचा पंप आठवड्यात चारदा मीटिंगमुळे बुडालेला. तो परत धरला, सकाळचाही एक वाढवला, आठ-नऊ दिवसांत आकडा जागेवर आला. त्या काळात बाळाला कमी पडतंय का हे मी पंपावरून ठरवलं नाही. दिवसभरात सहा-सात वेळा शू होत होती, वजन वाढत होतं.

आणि एक नियम घरात सगळ्यांनी पाळला. पाचनंतर त्याला पोटभर पाजायचं नाही. फारच रडला तर ३० मिली. मी येऊन हात धुतले की आधी तो, मग चहा. वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत. रविवारी वाटी-बाटली काहीच नाही, पूर्ण दिवस अंगावर.

तुमचं कसं झालं, लिहा.

बुटीबोरीत नोकरी

आमच्याकडे फ्रिज नव्हता. प्रथमोपचाराच्या खोलीत दार लावून पंप करायचे. मे महिन्यातलं आपलं ऊन माहीतच आहे. बाहेर ठेवलेलं दूध चार तास टिकतं हे २५ अंशांच्या खोलीचं गणित आहे, कूलर बंद पडलेल्या खोलीचं नाही. म्हणून काढलं की लगेच थंड पिशवीत, दोन्ही बाजूंनी रात्रभर गोठवलेले बर्फाचे पॅक. घरी आल्यावर फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही.

माझा प्रश्न वेगळाच निघाला. मुलगी दिवसभरात जेमतेम १०० मिली प्यायची आणि रात्री चार-चार वेळा उठायची. मला वाटलं दूध आटलं. वजन ठीक होतं. ती दिवसाचा हिशेब रात्री पुरा करत होती. संध्याकाळी दोनदा आणि झोपताना एकदा नीट पाजलं की थोडा फरक पडायचा, पण नऊ महिन्यांपर्यंत चाललं. तेव्हा रात्रीचं तोडायला हवं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

महालातली आजी

माह्या दोन्ही लेकी नोकरीवाल्या. बाटली कायले पाहिजे? मी दोन्ही नातवांले बोंडल्यानंच पाजलं, पोरं अंगावरचंही इसरले नाहीत. पण उन्हायात दूध एकटं पुरत नाही बाप्पा, मधात मधात दोन चमचे उकळलेलं पाणी देत जा.

सूतिका वॉर्डात अठरा वर्षं

आजी, बोंडल्याचं तुमचं अगदी बरोबर. बोंडलं उकळून घेतलं आणि बाळाला उभं धरून, ओठांशी टेकवून त्याच्या वेगाने पाजलं तर उत्तम. ओतायचं मात्र नाही. पाण्याचं तेवढं नको. सहा महिन्यांच्या आत नागपूरच्या उन्हातही आईच्या दुधातलं पाणी पुरतं. पाण्याने पोट भरलं की बाळ दूध कमी ओढतं, आणि दूध कमी ओढलं गेलं की कमी तयार होतं. गरमी वाटली तर पाजण्याच्या वेळा वाढवा.

बऱ्याच जणी फ्रिजमधलं दूध फेकून देतात कारण त्याला साबणासारखा वास येतो. ते नासलेलं नसतं, काहींच्या दुधातली चरबी साठवणीत लवकर फुटते. बाळ पीत असेल तर द्या. आंबट, नासका वास वेगळा कळतो. गरम करताना भांडं कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, मधेच कुठेतरी चटका बसेल इतकं तापतं. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांनंतर परत देऊ नका.

पंप बुडाला आणि एका बाजूला गाठ, लाली, वर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध पाजणं तोवर थांबवायचं नाही.

मनीषनगरचा बाबा

दुपारचं पाजणं माझ्याकडे होतं, मी घरून काम करतो. पहिले पाच दिवस त्याने तोंड फिरवलं. बायको त्याला मांडीत आडवं घेते, मीही तसंच घेत होतो आणि तो छाती शोधत राहायचा. सहाव्या दिवशी त्याला समोर बघत बसवलं, बाल्कनीत नेलं आणि पूर्ण भूक लागायच्या आधी चमच्याने सुरू केलं. ४० मिली प्यायला. बायकोची जुनी ओढणी खांद्यावर घेतली होती, तिचा उपयोग झाला की बाल्कनीचा, सांगता येणार नाही.

साठवणीचं मात्र विचारायचंय. आमचे डॉक्टर म्हणाले फ्रिजमध्ये २४ तास, बाकी सगळीकडे चार दिवस वाचलं.

सूतिका वॉर्डात अठरा वर्षं

सतत गार राहणाऱ्या फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. दार सारखं उघडत असेल, लाईट जात असेल तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका. बाटलीवर तारीख-वेळ लिहा, जुनं आधी संपवा.

प्रतापनगर

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. अंगावरचं सोडवायचं कसं? कडू लावलं, उपयोग नाही.

हिंगणा रोडची आई

ताई, हा धागा चालू ठेवण्याबद्दल आहे, पण चाल तीच उलटी: एका वेळी एकच पाजणं कमी करा, दुपारचं आधी, झोपतानाचं शेवटी. कडू लावू नका.

कंत्राटी शिक्षिका

तुमच्या चार आठवड्यांचा हेवा वाटला. मला तिसऱ्या महिन्यातच बोलावलं, नाही तर जागा गेली असती. तयारीला सहा दिवस मिळाले. शाळा साडेसात ते साडेबारा. सातला पाजून निघते, मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत हाताने दूध काढते, पंप परवडला नाही. एकला घरी. सहा तासांचे १८० मिली आई वाटीने देते. हाताने काढायला आधी पंचवीस मिनिटं लागायची, आता बारा. बाळाचा मोबाइलवरचा रडण्याचा आवाज ऐकला की पान्हा फुटतो.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायला सुट्टी द्यायची, असं कायद्यात आहे म्हणे. मुख्याध्यापक म्हणतात कंत्राटीला लागू नाही. कोणी मागून मिळवली आहे का?

बुटीबोरीत नोकरी

मला मिळाली, पण मी कायम नोकरीत आहे. जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त दोन वेळा, लेखी अर्ज करून. आमच्या एचआरने तोंडी सांगितलेलं दोनदा विसरलं होतं. तुम्हीही लेखी द्या आणि पोच घ्या. कंत्राटीचं काय ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येईल.

कंत्राटी शिक्षिका

सोमवारी अर्ज देते. तोवर मधली सुट्टी वीस मिनिटांची आहे, तेवढ्यात होतंय.