फुकट ऑनलाइन कोर्स अर्ध्यावर सुटतात, मग अनामत घ्यावी का?

अंबडचा प्रशिक्षक:
आमच्या कारखान्यातल्या मेंटेनन्स आणि सुपरवायझर मिळून 40 जणांना जुलैच्या बॅचचा, आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचा 12 आठवड्यांचा कोर्स सुचवलाय. नोंदणी फुकट आहे. असे कोर्स शंभरात पाच जणही पूर्ण करत नाहीत असं सगळीकडे वाचतो. साहेबांचं म्हणणं, प्रत्येकी 500 रुपये अनामत घ्या आणि सर्टिफिकेट दाखवलं की परत करा. घ्यावी का? आणि माणसं मध्येच सोडतात ती नेमकी कशामुळे?

कॉलेजरोड:
डोळे झाकून घ्या. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचे आकडे 2019 साली प्रसिद्ध झालेत. 2017-18 मध्ये नोंदणी केलेल्या सगळ्यांपैकी साधारण 3 टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांमध्ये तेच प्रमाण 46 टक्के. खिशातून गेलं की माणूस अभ्यास करतो, याहून वेगळा पुरावा काय हवा?

मोजपट्टी:
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष उलटा निघालाय. त्या कोर्सेसना पैसे भरणं ऐच्छिक होतं आणि बऱ्याच ठिकाणी कोर्स सुरू झाल्यावरही भरता यायचे. म्हणजे ज्यांनी दोन-तीन आठवडे पाहून "हे मला झेपतंय, संपवायचंच" असं ठरवलं, तेच पैसे भरत होते. पैसे भरल्यामुळे किती जणांनी संपवलं आणि संपवायचं होतं म्हणून किती जणांनी भरले, हे त्या 46 मधून वेगळं काढता येत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही: नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्सचं पान कधी उघडलंच नाही. जो आत आलाच नाही, त्याने "मध्येच सोडलं" कसं म्हणायचं?

एक जुनं उदाहरण आकड्यांसकट घेऊ. 2012 साली एमआयटीने सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला फुकट कोर्स चालवला. नोंदणी 1,54,763. पहिला गृहपाठ उघडून पाहिला 69,221 जणांनी. त्यात निदान एक गुण मिळवला 26,349 जणांनी. मधल्या परीक्षेत निदान एक गुण मिळवणारे 10,547 आणि शेवटी सर्टिफिकेट 7,157 जणांना. नोंदणीवर भागलं तर 4.6 टक्के, म्हणजे तुमचे ते शंभरातले पाच. पहिला गृहपाठ सोडवणाऱ्यांवर भागलं तर 27 टक्के. मधल्या परीक्षेत गुण मिळवणाऱ्यांवर भागलं तर जवळपास 68 टक्के. कोर्स तोच, माणसं तीच.

आता गळती कुठे झाली ते बघा. मधली परीक्षा दिली त्यांच्यातले दोन तृतीयांश टिकले. खरी पडझड पहिला गृहपाठ उघडण्याआधी, तो उघडल्यावर न सोडवता आणि तिथून मधल्या परीक्षेपर्यंत. म्हणून "का सोडतात" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत.

कॉलेजरोड:
ठीक, 46 वर मी फार भार टाकला. पण जो पानच उघडत नाही तो फुकट आहे म्हणूनच नाव टाकून बसतो ना? अनामत ठेवली तर ही खोगीरभरती आपोआप थांबेल.

मोजपट्टी:
थांबेल, आणि त्यातच गफलत आहे. समजा, अनामतीशिवाय 40 जण आले आणि 10 जणांनी संपवलं, 25 टक्के. अनामत ठेवली तर 12 जण आले आणि 8 जणांनी संपवलं, 67 टक्के. साहेबांना टक्केवारी अडीचपट झालेली दिसेल, पण कोर्स पूर्ण केलेली दोन माणसं कमी झाली. टक्केवारी वाढवायची की शिकलेली माणसं, हे आधी ठरवा.

रात्रपाळी:
जरा वेगळं विचारतो, इथेच विचारावं का माहीत नाही. एनपीटीईएलच्याच 12 आठवड्यांच्या कोर्सला मला परीक्षेत शंभरात 58 पडले, पण सर्टिफिकेट आलं नाही. असाइनमेंट तीनच भरली होती, प्रत्येकात 90 च्या आसपास होते. परीक्षा पास झाली ना? मग माझा कोर्स पूर्ण की अपूर्ण?

मोजपट्टी:
अपूर्ण. परीक्षेचा भार 75 आणि असाइनमेंटचा 25 असतो. सर्टिफिकेटला दोन्हीकडे वेगळी अट आहे: परीक्षेचे 75 पैकी 30 आणि असाइनमेंटचे 25 पैकी 10. तुमचे परीक्षेचे 43.5 झाले, तिथे अडचण नाही. 12 आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या 8 असाइनमेंटची सरासरी धरतात. तुमच्या तिन्हींचे मिळून 270, त्याला 8 ने भागलं की 33.75, आणि त्याचे 25 पैकी साधारण 8.4. चौथं तसंच एक भरलं असतं तर 11.25 झाले असते. एकूण बेरीज 52 च्या जवळ असूनही अडकलात ते एवढ्याच कारणाने.

प्रशिक्षक, प्रश्न वेगळा वाटला तरी उत्तर तुमच्या कामाचं आहे. 12 पैकी 8 धरतात म्हणजे 4 पूर्ण बुडाले तरी सरासरीला धक्का लागत नाही. ही गोष्ट नोकरदार शिकणाऱ्याला ठाऊक नसते. दुसरा आणि तिसरा आठवडा हुकला की "आता काय उपयोग" म्हणून तो थांबतो, आणि प्रत्यक्षात नियमाप्रमाणे अजून दोन हुकायला मोकळीक असते. कोर्सच्या पहिल्या दिवशी हा हिशेब फळ्यावर मांडा.

रात्रपाळी:
अच्छा, म्हणजे एकाच असाइनमेंटने गेलं. पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात भरायचं कधी? शेवटची वेळ बहुतेक बुधवारी रात्री 11:59 असते. रात्री अकराला पाळी सुटते, सातपूरहून घरी पोचेपर्यंत बारा.

मोजपट्टी:
सोमवारी उघडलेल्या आठवड्याची मुदत साधारण पुढच्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत असते. मधला रविवार हातात असतो. दुसरी किंवा तिसरी पाळी असलेल्यांनी बुधवार नसतोच असं समजावं. रविवारी अर्धवट का होईना, उत्तरं टाकून सबमिट करावं. मुदतीच्या आत पुन्हा सबमिट करता येतं, शेवटचं धरतात.

निफाडकर:
तुम्ही सगळं वेळेवर ढकलताय. खरं कारण इंग्रजी आहे. आमच्याकडे आयटीआय झालेली पोरं मशीन उघडून बसवतात, पण प्राध्यापकांचं भरभर बोलणं कळत नाही. मराठीत करा, सगळे पूर्ण करतील. आणि जानेवारीची बॅच कुणाला देऊच नका. द्राक्षाची काढणी सुरू असते, घरातला माणूस पुस्तक काय उघडणार?

मोजपट्टी:
हंगामाचं शंभर टक्के मान्य. बागायतदार घरातल्या माणसाला जुलैचा आठ आठवड्यांचा कोर्स बरा, तो सप्टेंबरात उरकतो आणि ऑक्टोबर छाटणीच्या आत सुटका होते. तसेही लांब कोर्स कमी लोक पूर्ण करतात, हे अनेक कोर्सेसच्या तुलनेत दिसलंय.

इंग्रजीचं अर्धं बरोबर. भाषेने अडलेला माणूस पहिल्याच व्हिडिओत थांबतो. पहिल्या आठवड्याचे सगळे व्हिडिओ पाहून असाइनमेंट कोरं ठेवतो, त्याची अडचण बहुतेक वेळा गणिताची किंवा मागच्या इयत्तेच्या विषयाची असते. तो 2012 चा सर्किटचा कोर्स विद्युतचुंबकत्व आणि कॅलक्युलस येतं असं धरूनच सुरू व्हायचा. मराठी भाषांतराने पहिला माणूस सुटेल, दुसरा नाही. त्याच्यासाठी कोर्सच्या आधी आठवडाभर रोज तासभर उजळणी हवी.

सिडको चौक:
एवढं कशाला? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, रोज सकाळी आठवण टाका. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सपण असाच वसूल होतो.

मोजपट्टी:
हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या अडीचशे कोर्सेसमध्ये यासारखाच प्रयोग झाला, 2020 साली छापून आला. सुरुवातीला "कधी, कुठे अभ्यास करणार" याचा बेत लिहून घ्यायचा वगैरे. पहिले काही आठवडे लोक थोडे जास्त टिकले, पण शेवटी कोर्स पूर्ण करणाऱ्यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. ज्याच्याकडे आठवड्याचे सहा तासच नाहीत, त्याला मेसेजने तास मिळत नाहीत. 12 आठवड्यांच्या कोर्सला व्हिडिओच साधारण 30 तासांचे, म्हणजे आठवड्याला अडीच तास. थांबवत, लिहून घेत पाहिलं की पाच होतात. वर असाइनमेंटचा एक तास.

गंगापूर रोड:
मग आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून काय करतंय? त्यांच्याकडे फी आहे, अभ्यासकेंद्र आहे, संपर्क सत्रं आहेत. माणूस माणसाला भेटला की टिकतो. गंगापूर धरणाच्या वाटेवर ज्यांचं मुख्यालय आहे त्यांना विचारायचं सोडून आपण हार्वर्ड-एमआयटीचे आकडे चघळतोय. कॉलेजरोड यांची फी आणि माझं अभ्यासकेंद्र, दोन्ही एकत्र करा.

मोजपट्टी:
भेटण्याचं मान्य. पण तिथे पदवी मिळते आणि पदवीवर बढती अडलेली असते, ते ओझं वेगळं. त्यातून फीचा वाटा किती आणि सत्रांचा किती, हे कसं काढणार? कारखान्यात सत्र घ्यायचं तर पाळ्या जोडणाऱ्या वेळी, म्हणजे तीनला पहिली पाळी सुटते आणि दुसरी लागते तेव्हा, 45 मिनिटं. फक्त असाइनमेंट सोडवायला, व्याख्यान द्यायला नाही.

अंबडचा प्रशिक्षक:
पाळ्यांची वेळ जमेल, पण दुसऱ्या पाळीवाल्यांना त्यासाठी सव्वादोनला बोलवावं लागेल. अनामत मात्र साहेब सोडायला तयार नाहीत. 20 जणांकडून चिठ्ठ्या टाकून घेऊ आणि 20 जणांकडून नाही, मग तुलना करू?

मोजपट्टी:
विचार योग्य, पण 20 विरुद्ध 20 मध्ये 6 आणि 9 असा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. त्यावरून धोरण ठरवू नका. घ्यायचीच असेल तर सर्टिफिकेटला बांधू नका. परीक्षेची नोंदणी कोर्स संपायच्या बरीच आधी बंद होते आणि फी साधारण 1,000 रुपये असते. सगळी असाइनमेंट भरून फी भरायची राहिली तरी माणूस अपूर्ण धरला जातो, मग त्याची अनामत कशासाठी जप्त करायची? चौथं असाइनमेंट भरलं की 250 परत, आठवं भरलं की उरलेले 250. परीक्षेची फी कंपनीने भरावी.

कॉलेजरोड:
कंपनीने फी भरली की तीच जुनी गोष्ट, परीक्षेच्या दिवशी निम्मे गैरहजर. माझं मत तेच राहील: फी माणसाने भरावी आणि पास झाल्यावर कंपनीने परत करावी.

रात्रपाळी:
हजार रुपये आधी खिशातून काढणारा हेल्पर मला दाखवा. सुपरवायझर काढेल, त्याला बढती हवी असते. कंत्राटी माणूस नोंदणीच करणार नाही. 40 मध्ये कंत्राटी किती आहेत, ते प्रशिक्षकांनी अजून सांगितलेलं नाही.

अंबडचा प्रशिक्षक:
सतरा.