मदत हवी आहे: मुलीची पहिली ब्रा, 32 घेतली तर पाठीवर सरकते

निपाणीची_आई
मुलगी सातवीत आहे. आतापर्यंत शमीज चालत होती, आता पीटीच्या तासाला आणि पळताना दुखतं म्हणते. बेळगावात खडे बाजारातून 32 नंबरची पॅड असलेली आणली, "वाढतं अंग आहे, मोठीच न्या" म्हणाले. दप्तर अडकवलं की मागची पट्टी मानेकडे चढते, समोर कापडाला चुण्या पडतात. पट्टे घट्ट केले तर खांद्यावर वळ उठतात. टेपने छातीखाली 66 सेंमी आणि छातीवर 72 भरलं. कुठला नंबर घेऊ?

चिकोडी_वहिनी
ताई, छातीखालचं माप इंचात घ्या आणि त्यात 5 मिळवा. 26 अधिक 5 म्हणजे 31, विषम आकडा आला की पुढचा धरायचा. म्हणजे 32 बरोबरच आहे बघा. वापरून सैल पडली असेल, शेवटचा हूक लावा.

शिलाई_खानापूर
वहिनी, मिळवणीची रीत जुन्या दुकानांत चालते, पण कुणी 4 मिळवतं, कुणी 5, आणि तिथेच एक नंबर इकडचा तिकडे होतो. 4 मिळवले तर याच मुलीला 30 येतो. त्यापेक्षा पाकिटामागचा सेंटीमीटरचा तक्ता बघा. बऱ्याच तक्त्यांत 63 ते 67 ला 30 आणि 68 ते 72 ला 32 असतं. 66 ला 30 बसतो.

मात्र आधी माप पुन्हा घ्या. पातळ बनियनवर घ्या, मुलीला टेप स्वतः धरू द्या, तुम्ही फक्त पाठीमागे टेप जमिनीला समांतर आहे का बघा. नेमका तिथेच टेप खाली घसरतो आणि आकडा चुकतो. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर छातीखाली अंगाला टेकेल इतपत घट्ट. वरचं माप मात्र सैल, दाबायचं नाही.

आता चुण्यांचं. तुमच्या दोन मापांत फरक 6 सेंमी आहे. तयार ब्राचा ए कप साधारण 12 च्या फरकापासून सुरू होतो. म्हणजे या मुलीला कपाची गरजच नाही अजून. साचेबंद पॅडचा कप घेतला तर आत पोकळी राहणार, नंबर कुठलाही असो. "बिगिनर" म्हणून मिळते ती मागा: सुती, थोडी ताणणारी, पुढे दुहेरी कापड, तार नाही, मधोमध शिवण नाही. कोवळ्या जागी शिवण घासली की तीच दुखते.

पट्टी चढते कारण ती सैल आहे. आधार खालच्या पट्टीने द्यायचा असतो. ती सैल असली की सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो, आणि पट्टे ओढले की पट्टी आणखी वर जाते. म्हणून वळ. दोन बोटं सहज जातील इतकी पट्टी हवी. घालून दोन्ही हात वर करायचे, वाकायचं, दप्तर अडकवायचं. पट्टी जागची हलली नाही तर माप बसलं.

हिंडलगा_रश्मी
माझं बाळंतपणानंतर 36 वरून 38 झालंय, मला कप कुठला लागेल हो?

शिलाई_खानापूर
तुमचं गणित वेगळं आहे ताई, दूध पाजत असाल तर तर फारच. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

निपाणीची_आई
30 घेतली आणि चार महिन्यांत लहान झाली तर? आणि एका बाजूला आधी गाठीसारखं लागतंय, त्याची काळजी वाटते.

शिलाई_खानापूर
म्हणूनच अर्धा डझन घेऊ नका, तीन पुरे. एक अंगात, एक धुण्यात, एक वाळत. आमच्याकडे पावसाळ्यात इलास्टिक दोन दोन दिवस ओलसर राहतं, तसंच घातलं की पट्टीखाली पुरळ उठतं. दर तीन-चार महिन्यांनी टेप लावा. नुसती पट्टी आवळायला लागली असेल तर बटण-लेसच्या दुकानात हुकाला जोडायची पट्टी मिळते, तीत काही महिने निघतात. बाजूने कापड रुतून अंग बाहेर फुगायला लागलं की मात्र नवीनच.

दवाखाना_बेळगाव
गाठीबद्दल: या वयात निपलच्या मागे टणक, दुखरी चकती एका बाजूला आधी येणं नेहमीचं आहे, दुसरी काही महिन्यांनी येते. ती दाबून बघू नका. त्वचा लाल, गरम झाली, ताप आला, स्राव आला किंवा गाठ भराभर वाढली तर डॉक्टरांना दाखवा. मोठी बाजू धरून माप घ्या, आणि रात्री ब्रा घालायची गरज नाही.

चिकोडी_वहिनी
बरं, 4 की 5 हे सोडते, तक्ता बघते. पण नवीन ब्रा पहिल्याच हुकावर बसायला हवी, हे तरी खरं की नाही?

शिलाई_खानापूर
मोठ्या बायकांना सर्वांत सैल हूक, कारण इलास्टिक पुढे ताणतं. वाढत्या मुलीला मी मधला सांगते, छातीचा घेरही वाढतो म्हणून.

दवाखाना_बेळगाव
मी तिलाही सैलच सांगेन. मधल्यावर आवळतंय हे मुली सांगत नाहीत. काढल्यावर अर्ध्या तासाने वळ गेला नाही तर घट्ट होती.

निपाणीची_आई
शनिवारी तिलाच घेऊन जाते, 30 सुती बघते. ती डोक्यातून घालायची बिनहुकाची मागतेय. ती वाढत्या अंगाला किती दिवस पुरेल?