मदत हवी आहे: हेकिन आशीच्या चार्टवर बंद भाव 508, ब्रोकरच्या ॲपवर 503. खरा कुठला?

सायली_पुणे
एका शेअरचा दिवसाचा चार्ट हेकिन आशीवर बघतेय. 505 च्या खाली बंद झाला तर विकायचं ठरलंय. काल चार्टवर हिरवी कॅण्डल आली, खाली शेपूटही नाही, बंद 508. ॲपवर मात्र 503. परवाचे खरे भाव: उघडला 501, वर 508, खाली 500, बंद 507. कालचे: 512, 516, 501, 503. परवाची हेकिन आशी 496 ते 504 होती. डेटा चुकलाय का?

शेअरकट्टा
डेटा बरोबर आहे. हेकिन आशी मागच्या दोन दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढते, म्हणून एक दिवस मागे राहते. उद्या 503 दिसेल.

नाना_ठाणे
मागे राहते हे खरं, पण कारण ते नाही, आणि 503 उद्याही दिसणार नाही. हेकिन आशीचा बंद म्हणजे त्याच दिवसाच्या चार भावांची सरासरी. 512, 516, 501, 503 मिळून 2032, भागिले 4, म्हणजे 508. आदला दिवस त्यात येतच नाही. तो येतो उघडण्याच्या भावात: मागच्या हेकिन आशी कॅण्डलच्या अंगाचा मध्य, (496 + 504) / 2 = 500.

सायलीताई, आता तुमची कॅण्डल बघा. खरा शेअर 5 रुपये वर उघडला, 9 रुपये घसरला आणि आदल्या बंदापेक्षा 4 रुपये खाली बंद झाला. खरी कॅण्डल लाल आहे. हेकिन आशीत ती 500 वरून 508 ला गेलेली हिरवी दिसते. खरा तळ 501, म्हणजे तिच्या 500 च्या वरच, म्हणून शेपूटही नाही. सकाळचा गॅप तर पार पुसला गेला, कारण नवी कॅण्डल नेहमी मागच्या अंगाच्या मधूनच निघते.

गुळगुळीतपणाही इथूनच येतो. उघडण्याच्या भावात मागच्या हेकिन आशी बंदाचा वाटा निम्मा, त्याआधीच्याचा पाव, मग अष्टमांश, असं मागे मागे जातं. एक वाईट दिवस एवढ्या साठलेल्या वजनाला सहज हलवत नाही. काल 512 ला उघडून 516 चा उच्चांक केल्यावर कॅण्डल लाल व्हायला शेअर 486 च्याही खाली पडून तळालाच बंद व्हायला हवा होता. आदल्या बंदापासून 4 टक्क्यांहून जास्त घसरण!

तुमचा नियम बंद भावावर आहे, तर तो 503 वर लावा. 505 कालच तुटलं.

कोल्हापुरी_ट्रेडर
माझा रेन्कोचा चार्टही असाच वेगळा भाव दाखवतो. 10 रुपयांची वीट ठेवू की 5 ची?

नाना_ठाणे
रेन्कोत वेळच नसते, तो वेगळा विषय. त्यासाठी नवा धागा काढा, तिथे बोलू.

सायली_पुणे
म्हणजे हेकिन आशीवर केलेली बॅकटेस्टही चुकीची? त्यात फायदा फार छान दिसत होता.

मंदार_कोड
बहुधा फुगलेला आहे. समजा आज शेअर 502 ला उघडला, वर 504, खाली 495, बंद 496. हेकिन आशी 504 ते 499.25, आता कुठे लाल. विकण्याचा इशारा आज बंद झाल्यावर, सौदा उद्या उघडताना. कागदावर तो 501.62 ला होतो, कारण तो मागच्या कॅण्डलचा मध्य आहे. बाजार खरंच 495 ला उघडला तर तुमच्या हातात 495. शेअरमागे साडेसहा रुपये असे निघाले जे कुणी दिलेच नसते.

ट्रेडिंगव्ह्यूवर स्ट्रॅटेजीच्या पहिल्या ओळीत हे घाला:

```
strategy("HA", fill_orders_on_standard_ohlc=true)
```

आणि चार्टवर खरा बंद भाव रेघेने दाखवायला वेगळी स्क्रिप्ट:

```
//@version=5
indicator("Real close", overlay=true)
t = ticker.standard(syminfo.tickerid)
plot(request.security(t, timeframe.period, close))
```

पहिल्या ओळीने फक्त सौद्याचा भाव खरा होतो. इशारा हेकिन आशीवरच येतो, तो उशीर तसाच राहतो.

शेअरकट्टा
दोन साइट्सवर त्याच शेअरची हेकिन आशी थोडी वेगळी का दिसते मग?

नाना_ठाणे
सुरुवात कुठून केली त्यावर आहे. पहिल्या कॅण्डलला मागची नसते, म्हणून तिथे खऱ्या उघड-बंदाचा मध्य घेतात. सुरुवातीला उघडण्याच्या भावात 8 रुपयांचा फरक असेल तर दर कॅण्डलला निम्मा होत पाच कॅण्डलनंतर पाव रुपया उरतो. त्यानंतरही मोठा फरक दिसला तर एका ठिकाणी लाभांशाची दुरुस्ती केलेले भाव आहेत का बघा.

सायली_पुणे
505 चं समजलं, आज विकते. पण ट्रेलिंग स्टॉप हेकिन आशीच्या तळाखाली ठेवला तर चालेल?

मंदार_कोड
मी खऱ्या तळाखालीच ठेवीन. काल हेकिन आशीचा तळ 500, खरा 501. 500 ला बाजारात सौदाच झाला नव्हता.

नाना_ठाणे
इथे मी सहमत नाही. हेकिन आशीचा तळ खऱ्या तळाच्या वर कधीच नसतो, त्यामुळे स्टॉपला थोडी जास्त जागा मिळते. चढत्या शेअरमध्ये ती मला हवी असते. मात्र मोठ्या गॅपनंतर ती जागा फार वाढते, तिथे काय करायचं हे माझंही पक्कं ठरलेलं नाही.