मदत हवी आहे: ब्रिजमधल्या दोन डायोडांच्या जागी रेझिस्टर, आउटपुट कसं काढायचं?

रेवा_डिप्लोमा:
दोन दिवस एकाच गणितावर अडलेय. एसी सोर्सची टोकं अ आणि ब. अ कडून क कडे एक सिलिकॉन डायोड, ब कडून क कडे दुसरा, दोघांचे कॅथोड क वर. ब्रिजमध्ये खाली उरलेले दोन डायोड असतात तिथे मात्र २ किलोओहमचे रेझिस्टर आहेत: एक अ ते ड, एक ब ते ड. लोडही २ किलोओहमचा, क आणि ड च्या मध्ये. इनपुट साइन, शिखर १० व्होल्ट.

अर्धेच डायोड उरले म्हणून मी हाफ वेव्ह काढली, शिखर १०. उत्तरसूचीत फुल वेव्ह आहे आणि शिखर ३.३३! कुठे चुकलं?

सर्किट_सोबती:
फुल वेव्ह बरोबर आहे. अ वर असताना पहिला डायोड चालतो, ब वर असताना दुसरा, आणि दोन्ही वेळा करंट लोडमधून क कडून ड कडेच जातो. पण शिखर ५ यायला हवं. लोड २, पुढे ब कडे जाणारा रेझिस्टर २, म्हणजे निम्मं निम्मं. ३.३३ छपाईची चूक असेल.

जुनं_सोल्डर:
छपाईची चूक नाही. अ ते ड हा रेझिस्टर तुम्ही हिशोबातून सोडलात.

रेवा, डायोड मोजून आकार ठरवू नकोस. एक अर्धं चक्र घे आणि सर्किट नव्याने काढ. अ वर १०, ब वर ०. पहिला डायोड चालू, तिथे सरळ तार काढ. दुसऱ्याचा कॅथोड वर आणि अॅनोड खाली, तो बंद, त्याला खोडून टाक. आता क आणि अ एकच बिंदू झाले. लोड क ते ड, तो रेझिस्टर अ ते ड, म्हणजे दोघे समांतर: १ किलोओहम. त्याच्या खाली ब कडे जाणारा २ किलोओहम. १० चा एक तृतीयांश लोडवर, ३.३३. दुसऱ्या अर्ध्यात रेझिस्टरांची अदलाबदल होते, बाकी सगळं तेच.

हे आयडियल डायोड धरून. ०.७ धरलास तर एक गंमत आहे. डायोड सुरू होण्याआधी लोडमधून करंट नसतो, म्हणून क आणि ड एकाच व्होल्टेजवर असतात, आणि ड दोन रेझिस्टरांमुळे इनपुटच्या निम्म्यावर. डायोडला मिळतं तेही निम्मंच. म्हणून इनपुट १.४ च्या वर गेल्याशिवाय तो उघडत नाही, वाटेत एकच डायोड असूनही. पुढे इनपुटमधून १.४ वजा करून तिनाने भाग. शिखर २.८७ येतं, आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये सपाट शून्य दिसतं, ५० हर्ट्झला साधारण ०.९ मिलिसेकंदाचं.

लॅब_बॅच_बी:
आम्ही हेच सर्किट प्रॅक्टिकलला जोडलं होतं, ट्रान्सफॉर्मरवर. स्कोपवर चक्क हाफ वेव्ह दिसली, शिखर नऊच्या वर! म्हणजे रेवाचं उत्तर बरोबर असू शकतं ना?

जुनं_सोल्डर:
दोन्ही चॅनेल एकदम लावले होते का? इनपुटच्या प्रोबची क्लिप ब वर, आउटपुटची ड वर?

लॅब_बॅच_बी:
हो. इनपुट वर, आउटपुट खाली, दोन्ही सोबत बघायचे होते.

जुनं_सोल्डर:
मग तुम्ही वेगळंच सर्किट मोजलंत. दोन्ही क्लिपा स्कोपच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. ब आणि ड शॉर्ट झाले. एका अर्ध्यात लोड सरळ सोर्सवर, म्हणून नऊच्या वर. दुसऱ्यात लोडची दोन्ही टोकं ब ला, एक क्लिपमधून आणि एक डायोडमधून, म्हणून जवळजवळ शून्य. अ ते ड रेझिस्टर होता म्हणून निभावलं. चार डायोडांच्या ब्रिजवर हेच केलं असतं तर तिथल्या डायोडमधून ट्रान्सफॉर्मर थेट शॉर्ट झाला असता. ते डायोड जळताना मी पाहिलेत, आधी वास येतो.

ट्रान्सफॉर्मर कायम ठेवून क्लिप एकच लावा, ब वर. पहिला प्रोब क वर, दुसरा ड वर, आणि स्कोपला पहिल्यातून दुसरा वजा करायला सांगा.

सर्किट_सोबती:
समांतर रेझिस्टर सुटला माझा, मान्य. पण सिलिकॉन लिहिलंय तर परीक्षेत २.८७ च लिहायला हवं.

जुनं_सोल्डर:
उत्तरसूची ३.३३ म्हणते. मी आधी ३.३३ काढून खाली ०.७ चा हिशोब जोडला असता.

सर्किट_सोबती:
दोन उत्तरं दिसली तर तपासणारे गुण कापतात, आमचे कापले होते.

रेवा_डिप्लोमा:
दुसरं अर्ध चक्र स्वतः काढून पाहिलं, ३.३३ आलं! उद्या लॅबमध्ये जोडते. कपाटात २.२ किलोओहमचेच रेझिस्टर आहेत, पण तिन्ही सारखे म्हणजे एक तृतीयांशच राहील ना? मधलं सपाट शून्य दिसलं तर किती रुंद आहे ते इथे लिहीन.

जुनं_सोल्डर:
राहील. सपाट भाग हिशोबापेक्षा अरुंद दिसेल, कडाही गोल असतील. एवढ्या कमी करंटला डायोड ०.७ च्या आधीच थोडा थोडा वाहू लागतो.